टॅलीतला एक आकडा, शेड्यूल तीनमधल्या चार जागा

प्रश्न: सर, मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत अकाउंट्स बघतो. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे. ट्रायल बॅलन्स जुळलाय, टॅलीतून बॅलन्स शीट काढून ऑडिटरकडे दिली, तर त्यांनी ‘शेड्यूल तीनप्रमाणे नोट्ससकट करून आणा’ म्हणून परत पाठवली. आकडे तेच असताना नवीन काय करायचं असतं? ट्रायल सोबत जोडलाय.

उत्तर:

आकडे तेच राहत नाहीत, गोम तिथंच आहे. तुमच्या टॅलीच्या बॅलन्स शीटची बेरीज २९१.६० लाख आहे. ३१ मार्च २०२५ ची शेड्यूल तीनच्या नमुन्याप्रमाणे केलेली बॅलन्स शीट ३०४.५० लाखांची होईल. नफा एक रुपयानंही बदलणार नाही. हा १२.९० लाखांचा फरक कुठून येतो हे कळलं की निम्मं काम झालं, म्हणून उत्तर त्याच्याच भोवती देतो.

टॅलीतले ग्रुप हे हिशेब लिहिणाऱ्याच्या सोयीचे असतात. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल तीनमधली शीर्षकं वाचणाऱ्याच्या सोयीची असतात. बँकेच्या माणसाला किंवा माल उधार देणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात : येत्या बारा महिन्यांत कंपनीला किती द्यायचंय आणि किती यायचंय. त्यामुळं टॅलीतला एक ग्रुप उचलून नमुन्यातल्या एका ओळीत ठेवला असं सहसा होत नाही. लेजर उघडावं लागतं, कधी एकच लेजर दोन जागी तोडावं लागतं. तुमच्या कंपनीला डिव्हिजन एक लागतो, म्हणजे जुनी अकाउंटिंग स्टँडर्ड्स पाळणाऱ्या कंपन्यांचा. इंटरनेटवरून नमुना उतरवून घेताना हे बघून घ्या. डिव्हिजन दोन घेऊन बसलात तर ‘इक्विटीतील बदलांचं विवरण’ कुठून आणायचं म्हणून डोकं धरून बसाल.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि ते मी स्वतः चुकून शिकलोय. नवखा असताना एका कंपनीचे हिशेब मी तीन दिवस मांडले, आणि रिझर्व्हजचा सुरुवातीचा आकडा गेल्या वर्षीच्या सहीच्या बॅलन्स शीटशी जुळेना. कारण साधं होतं. ऑडिटरनं गेल्या वर्षी घसारा आणि टॅक्सच्या एंट्र्या आपल्या एक्सेलमध्ये केल्या होत्या आणि टॅलीत त्या कुणी घातल्याच नव्हत्या. ट्रायल मात्र झकास जुळत होता. जुळलेला ट्रायल एवढंच सांगतो की नावे आणि जमा सारखं आहे. सुरुवातीची शिल्लक बरोबर आहे असं तो म्हणत नाही. म्हणून १ एप्रिल २०२४ ची प्रत्येक शिल्लक गेल्या वर्षीच्या सहीच्या कागदाशी लावून घ्या, मगच पुढं चला.

आता तुमच्या ट्रायलमधला सगळ्यात बोलका आकडा घेऊ. `Sundry Creditors`, ७१.२० लाख जमा.

हा निव्वळ आकडा आहे. ग्रुपवर एंटर मारून आत गेलात की नावे आणि जमा असे दोन रकाने दिसतील. जमा बाजूची बेरीज ८३.६० आहे आणि नावे बाजूला १२.४० आहेत. पुरवठादाराच्या खात्याला नावे शिल्लक म्हणजे आपण त्याला आगाऊ पैसे दिलेत. ते देणं नव्हे, आपलं येणं आहे. टॅली दोन्ही वजा करून दाखवते, शेड्यूल तीनमध्ये तशी वजाबाकी चालत नाही. त्या १२.४० लाखांतले ९.०० पिग आयर्न आणि स्क्रॅपसाठी दिलेत, माल महिन्या-दोन महिन्यांत येईल, म्हणून ते शॉर्ट टर्म लोन्स अँड अ‍ॅडव्हान्सेसमध्ये. उरलेले ३.४० नव्या भट्टीच्या पॅनेलसाठी मशीनवाल्याला दिलेत. मशीन पुढच्या महिन्यात येणार असलं तरी त्या पैशाचं रूपांतर कायम मालमत्तेत होणार, रोखीत नाही. म्हणून ते कॅपिटल अ‍ॅडव्हान्स, आणि जागा लाँग टर्म लोन्स अँड अ‍ॅडव्हान्सेसमध्ये.

राहिले ८३.६० लाख. हे ट्रेड पेएबल्स, पण बॅलन्स शीटच्या तोंडावरच त्यांच्या दोन ओळी कराव्या लागतात : मायक्रो आणि स्मॉल उद्योगांचं देणं, आणि बाकी सगळ्यांचं. अशा रीतीनं तुमचा एक आकडा चार जागी गेला.

या दोन ओळी पाडताना लोक सर्वांत जास्त घोळ घालतात, म्हणून इथं थोडं थांबू. पुरवठादाराचं उद्यम प्रमाणपत्र मागवा आणि त्यावरच्या दोन गोष्टी वाचा. पहिली, वर्ग. मीडियम असेल तर तो ‘बाकीचे’ मध्ये जातो, कारण ही ओळ फक्त मायक्रो आणि स्मॉलसाठी आहे. दुसरी, मुख्य व्यवसाय. कोल्हापूरचा तुमचा स्क्रॅपवाला उद्यम नंबर घेऊन बसलाय, पण तो व्यापारी आहे. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. उशिरा पैसे मिळाले तर व्याज मागायचा हक्क त्यातून येत नाही. तोही ‘बाकीचे’ मध्ये. याउलट तुमच्याच गल्लीतला पॅटर्न बनवून देणारा, ज्याचं बिल हातानं लिहिलेलं असतं आणि ज्याला तुम्ही कधी ‘उद्योग’ म्हणाला नसाल, तो मायक्रो आहे. माझ्या अंदाजानं तुमच्या यादीत अशांचे मिळून ३१.२० लाख होतात आणि बाकीचे ५२.४०.

मग येतो किती दिवसांपासून थकलंय याचा तक्ता. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो सक्तीचा झालाय. मोजायचं बिलाच्या तारखेपासून नाही, पैसे देय झाल्याच्या तारखेपासून. देय तारीख ठरलेलीच नसेल तरच व्यवहाराची तारीख धरायची.

| लाख रुपये | मुदत व्हायचीय | १ वर्षाच्या आत | १ ते २ वर्षं | २ ते ३ वर्षं | ३ वर्षांवर | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| मायक्रो व स्मॉल | २४.७० | ६.५० | – | – | – | ३१.२० |
| बाकीचे | ३०.०० | १९.८० | १.४० | – | १.२० | ५२.४० |
| एकूण | ५४.७० | २६.३० | १.४० | – | १.२० | ८३.६० |

वादातली देणी असतील तर दोन्ही वर्गांच्या आणखी एकेक ओळी वाढतात. ‘३ वर्षांवर’च्या रकान्यातले १.२० लाख कोकवाल्याचे आहेत ना? राखेचं प्रमाण जास्त निघालं म्हणून माल नाकारला होता असं तुम्ही ट्रायलच्या समासात लिहिलंय. पत्रव्यवहार चालू असेल तर ती रक्कम वादाच्या ओळीत न्या. प्रकरण संपलंय आणि पैसे द्यायचेच नाहीत असं असेल, तर मालकांचा निर्णय लेखी घेऊन ती रक्कम अदर इन्कममध्ये घ्या. त्यावर टॅक्स लागेल हेही त्यांना आधीच सांगा. वर्षानुवर्षं तसंच पडू देणं मात्र आता जमत नाही, तक्ता ते उघडं पाडतो.

आणि ते ६.५० लाख. तुमच्या परचेस ऑर्डरवर साठ दिवसांची उधारी छापलेली असते. मायक्रो-स्मॉलच्या बाबतीत कायदा करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं जाऊ देत नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसच. म्हणजे तुमच्या दृष्टीनं जे बिल अजून पिकलेलं नाही ते कायद्याच्या दृष्टीनं थकलेलं असू शकतं. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. ‘तो बिचारा कधी व्याज मागत नाही की हो’ हे उत्तर मी शंभरदा ऐकलंय. त्यानं मागो न मागो, मुद्दल किती थकलं आणि व्याज किती झालं हे नोटमध्ये लिहावंच लागतं.

`Sundry Debtors` मध्येही हाच खेळ उलटा. ९२.०० निव्वळ दिसतात. उघडल्यावर नावे ९७.५० आणि जमा ५.५०. ते ५.५० म्हणजे गिऱ्हाइकांनी कास्टिंगसाठी दिलेली आगाऊ रक्कम, ती अदर करंट लायबिलिटीजमध्ये. एक जरा अडचणीचं खातं तुमच्याकडं आहे : मच्छे भागातलं ते मशीन शॉप. ते तुमच्याकडून कास्टिंग विकत घेतं आणि दुसऱ्या मालाचं मशीनिंगही तुम्हाला करून देतं. दोन्ही बाजू एकाच लेजरमध्ये लिहून वळते करून घेतलंत, ते व्यवहाराला सोयीचं आहे. पण वळतं करायचा दोघांत लेखी हक्क नसेल तर नोटमध्ये येणं वेगळं आणि देणं वेगळं दाखवायला हवं. वर्षअखेरीचं दोघांच्या सहीचं खातेपत्रक आणि वळतं करण्याचं पत्र असेल तर निव्वळ चालेल. ते पत्र आहे असं धरून मी वरचे आकडे लावलेत.

आता कर्ज. टर्म लोन ४८.०० लाख जमा. यातला पुढच्या बारा महिन्यांत फेडायचा भाग शॉर्ट टर्म बॉरोइंग्जमध्ये जातो (पूर्वी तो अदर करंट लायबिलिटीजमध्ये असायचा, जुन्या नमुन्यांत अजून तसाच सापडतो) आणि उरलेला लाँग टर्म बॉरोइंग्जमध्ये. हा भाग काढताना हप्त्याला बारानं गुणू नका. तुमचा हप्ता साधारण १,३५,९०० रुपये आहे, बारा हप्ते म्हणजे १६.३१ लाख. पण त्यात व्याजही आहे. दर दहा टक्के आणि ४२ हप्ते बाकी, या हिशेबानं बारा महिन्यांत मुद्दल फिटतं १२.०५ लाख आणि व्याज जातं ४.२६. न झालेलं व्याज आज देणं नाही. म्हणून १२.०५ अल्पमुदतीत, ३५.९५ दीर्घमुदतीत. बँकेकडून परतफेडीचा तक्ता मागून त्यातला मुद्दलाचा रकाना बेरजेला घ्या; माझ्या आकड्यापेक्षा तोच प्रमाण. कॅश क्रेडिटचे ३६.५० लाख सरळ शॉर्ट टर्ममध्ये, लिमिट दरवर्षी नवी होत असली तरी.

संचालकांच्या १५.०० लाखांवर मालकांचा आणि तुमच्या ऑडिटरचा खटका उडणार, आत्ताच सांगून ठेवतो. बँकेला बरं दिसावं म्हणून ही रक्कम लाँग टर्ममध्ये टाकायची पद्धत आपल्याकडं पडून गेलीय. कसोटी एकच आहे. संचालकांनी उद्या पैसे मागितले तर बारा महिने नाही म्हणायचा हक्क कंपनीला आहे का? कागदच नसेल तर नाही, आणि मग ती रक्कम शॉर्ट टर्म. पण टर्म लोन घेताना ‘कर्ज फिटेपर्यंत संचालकांचे पैसे काढणार नाही’ असं पत्र बँका सहसा घेतात. मंजुरीच्या फाइलमध्ये ते शोधा. सापडलं तर लाँग टर्ममध्ये दाखवायला आधार मिळाला. पत्र वर्ष संपल्यावर घाईनं करू नका, ३१ मार्चला जे होतं तेच मोजतात.

हेस्कॉमची ६.४० लाखांची अनामत टॅलीत करंट अ‍ॅसेट्सच्या खाली आहे. कनेक्शन चालू आहे तोवर ते पैसे परत येत नाहीत, तेव्हा जागा अदर नॉन-करंट अ‍ॅसेट्स, नोटमध्ये ‘सिक्युरिटी डिपॉझिट्स’. त्यावर मिळणारं व्याज अदर इन्कममध्ये. बरेच जण ते वीजबिलातूनच वजा करून मोकळे होतात.

नफातोट्याच्या बाजूला तुम्हाला सगळ्यात चुकल्याचुकल्यासारखं होईल ते म्हणजे ग्रॉस प्रॉफिट. नमुन्यात ती ओळच नाही. एका मालकांनी माझ्यासमोर कागद खाली-वर करून विचारलं होतं, ‘माझं ग्रॉस प्रॉफिट खाल्लं कुणी?’ खर्च तिथं डायरेक्ट-इनडायरेक्ट असा नसतो, स्वरूपाप्रमाणं असतो. भट्टीवरच्या कामगारांची मजुरी, ऑफिसचा पगार, पीएफ, सगळं एम्प्लॉयी बेनिफिट्स एक्स्पेन्समध्ये. ठेकेदाराच्या बिलातली मजुरी मात्र त्यात नाही, ती अदर एक्स्पेन्सेसमध्ये. वीजही तिथंच, फौंड्रीत ती कितीही मोठी असली तरी.

मालाच्या साठ्याचा तुकडाही पाडावा लागतो. ट्रायलमध्ये सुरुवातीचा साठा ५४.०० एकगठ्ठा आहे आणि अखेरचा साठा ट्रायलमध्ये नाहीच. कच्चा माल एका ओळीत जातो, अर्धवट आणि तयार माल दुसऱ्या. कच्चा माल सुरुवातीला २२.००, खरेदी २२८.००, अखेर २५.५०, म्हणून कॉस्ट ऑफ मटेरियल्स कन्झ्युम्ड २२४.५०. अर्धवट आणि तयार मिळून सुरुवातीला ३२.०० आणि अखेर ३४.५०, म्हणून चेंजेस इन इन्व्हेंटरीज उणे २.५०, म्हणजे खर्चातून वजा. कोल्हापूरहून माल आणायचं भाडं खरेदीच्या किमतीत धरा. तुमच्याकडं ते इनडायरेक्टमध्ये पडलंय असं दिसतं. ती रक्कम काढली की २२८.०० चा आकडा वाढेल आणि अदर एक्स्पेन्सेस तितकेच उतरतील. अखेरच्या साठ्यालाही त्या भाड्याचा वाटा लागतो, म्हणून साठ्याची किंमत भाड्यासकट धरलीय ना, हे बघा. धरलेली नसेल तर मात्र नफाही थोडा हलेल, तुमच्या २५.५० मध्ये भाडं धरलंय असं मानून मी ‘नफा बदलणार नाही’ म्हटलं.

फौंड्रीच्या साठ्यात एक जागा हमखास चुकते : रनर आणि रायझर. ओतकाम झाल्यावर तोडलेला हा धातू पुन्हा भट्टीत जातो. ३१ मार्चच्या संध्याकाळी तो शेडच्या कोपऱ्यात ढिगानं पडलेला असतो, आणि मोजणी करणारा एक तर त्याला सोडून देतो किंवा वितळवून ओतलेल्या कास्टिंगच्या भावानं धरतो. तो मोजायचा कच्च्या मालात, आणि भाव लावायचा त्याच प्रतीच्या स्क्रॅपचा. चूक झाली का हे ओळखायचं असेल तर महिनावार भट्टीचं रजिस्टर घ्या : किती टन वितळलं, किती टन कास्टिंग गेलं, किती परत आलं. वजनाचा मेळ बसला नाही तर रुपयांचाही बसलेला नाही.

घसारा शेड्यूल दोनप्रमाणं, इन्कम टॅक्सच्या दरानं नाही. साध्या मशिनरीला आयुष्य १५ वर्षं. भट्टी दोन पाळ्यांत चालवली असेल तर तेवढ्या काळाचा घसारा पन्नास टक्के वाढतो, हे शिफ्ट रजिस्टरवरून काढा. टॅक्स आणि डिफर्ड टॅक्स सगळ्यात शेवटी.

मांडणीसाठी एक्सेलमध्ये ट्रायलची `TB` नावाची एक शीट करा. नावे अधिक, जमा उणे, एकाच रकान्यात, `E` मध्ये. लेजर तोडायचं असेल तिथं ट्रायलमध्येच दोन ओळी करा, टर्म लोन १२.०५ आणि टर्म लोन ३५.९५ अशा. `G` रकान्यात प्रत्येक ओळीला नोटचा कोड द्या. नोटच्या शीटमध्ये कोड `A` रकान्यात लिहा, मग एवढंच :

```
=SUMIFS(TB!$E$2:$E$400,TB!$G$2:$G$400,$A5)
=COUNTBLANK(TB!$G$2:$G$400)
```

पहिलं सूत्र त्या कोडची बेरीज आणतं, दुसरं कोड न दिलेल्या ओळी मोजतं. `400` च्या जागी तुमच्या शेवटच्या ओळीचा नंबर घाला, नाहीतर खालच्या रिकाम्या ओळीही मोजल्या जातील. ते शून्य आल्याशिवाय पुढं जाऊ नका. बॅलन्स शीटच्या तोंडावर एकही आकडा हातानं टाइप करायचा नाही, प्रत्येक आकडा नोटमधून यायला हवा. थकबाकीच्या तक्त्याची बेरीज आणि नोटची बेरीज सारखी येते का तेही सूत्रानंच तपासा, कारण तक्ता वेगळ्या यादीवरून बनतो आणि ऑडिटर पहिली टिकमार्क तिथंच करतो. आकडे लाखांत घेतलेत तर सगळीकडं लाखांतच, आणि शेवटच्या अंकात फरक आला तर अदर एक्स्पेन्सेसमध्ये ढकलून जुळवू नका. मूळ रुपयांवर बेरीज करून मग गोल करा.

मागच्या वर्षाचा रकाना गेल्या वर्षीच्या सहीच्या कागदावरून येतो. पण हेस्कॉमची अनामत यंदा तुम्ही दुसरीकडं नेली असेल तर गेल्या वर्षीचा आकडाही तिथंच न्यायचा आणि तसं नोटमध्ये लिहायचं. हे राहिलं की करंट रेशो उगाच हललेला दिसतो, आणि रेशो पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त बदलला तर कारण छापावं लागतं.

शेवटी तो १२.९० लाखांचा हिशेब. टॅलीचे २९१.६०. त्यात पुरवठादारांकडच्या आगाऊ रकमा १२.४० आणि गिऱ्हाइकांच्या आगाऊ रकमा ५.५० दोन्ही बाजूंना वाढल्या, मिळून १७.९०. उलट एक जागा आटली : टॅक्सची तरतूद ७.०० देण्यात आणि भरलेला अ‍ॅडव्हान्स टॅक्स व टीडीएस ५.०० येण्यात होता. त्याच वर्षाचा त्याच खात्याकडचा व्यवहार असल्यानं तो वजा करता येतो, शॉर्ट टर्म प्रोव्हिजन्समध्ये २.०० राहतात. २९१.६० अधिक १७.९० वजा ५.००, म्हणजे ३०४.५०. टर्म लोन आणि अनामत नुसती जागा बदलतात, बेरीज हलवत नाहीत. हे चार ओळींचं मेळपत्रक वेगळ्या पानावर काढा, आणि बँकेचा परतफेडीचा तक्ता, उद्यम प्रमाणपत्रांची यादी, साठ्याची सहीची शीट आणि मशीन शॉपचं पत्र त्याला जोडून ऑडिटरकडे न्या.